शेवटची ओळ : ‘मित्राला टॅग करा’ आणि खरा प्रश्न

१/
इतिहासावरील थ्रेड संपत आला की एक ठराविक ओळ येते. ‘हे ठाऊक नसलेल्या एका मित्राला टॅग करा.’ ‘अभिमान वाटत असेल तर कमेंटमध्ये फक्त एक शब्द लिहा.’ ‘खरा मावळा हे शेअर केल्याशिवाय पुढे जाणार नाही.’ आधीच्या वीस परिच्छेदांत ताम्रपट, बखरी आणि तारखा यांचा काळजीपूर्वक मेळ घातलेला असतो. ही ओळ मात्र त्यातल्या एकाही गोष्टीवर अवलंबून नसते. ती किल्ल्याच्या लेखाखाली जशी शोभते, तशीच मिसळीच्या पाककृतीखालीही शोभते.

२/
या ओळीचे कूळ जुने आहे. ‘या पत्राच्या अमुक प्रती काढून पाठवा, पाठवल्यास लाभ होईल, न पाठवल्यास संकट येईल’ अशी पोस्टकार्डे मागच्या पिढीतील अनेक घरांत येऊन गेली. अशा पत्राचे सगळे बळ त्याच्या शेवटच्या आज्ञेत असे. वर देवाचे नाव असो वा आणखी कुणाचे, मजकूर नाममात्रच असे. आजच्या ओळीत संकटाची जागा लाजेने घेतली आहे. शेअर न करणारा ‘खरा’ नाही, एवढाच काय तो फरक.

३/
हा प्रकार समाजमाध्यमांनाही डोईजड झाला. १८ डिसेंबर २०१७ रोजी फेसबुकने जाहीर केले की अशा पोस्ट यापुढे लोकांच्या फीडमध्ये खाली ढकलल्या जातील. त्यांनी पाच प्रकार सांगितले : मत मागणारी, लाइक-हार्टसारखी प्रतिक्रिया मागणारी, शेअर मागणारी, टॅग मागणारी आणि ठराविक शब्दाची कमेंट मागणारी ओळ. त्याच घोषणेत एक सूटही होती. मदत, सल्ला किंवा शिफारस मागणाऱ्या पोस्टना हा नियम लागू नव्हता. हरवलेल्या मुलाची माहिती पसरवा असे सांगणे किंवा प्रवासाबाबत सल्ला विचारणे यावर बंधन नव्हते.

४/
ही सूट लक्षात घेण्यासारखी आहे. वाचकाला काही करायला सांगणे हा दोष मानलेला नव्हता. दोष होता तो उत्तराची गरज नसताना उत्तर मागण्यात. हरवलेल्या मुलाची माहिती विचारणाऱ्याला ती खरोखरच हवी असते, आणि एक नेमके उत्तर मिळाले तर शंभर टॅगांपेक्षा त्याचे मोल अधिक असते. टॅग मागणाऱ्याला मात्र कोणत्या मित्राला टॅग केले याच्याशी कर्तव्य नसते; त्याला आकडा हवा असतो.

५/
अनोळखी वाचकांना हाक घालून त्यांच्याकडून खरेच काही मिळवायचे असेल तर ती हाक कशी घालावी? याचे एक उत्तम उदाहरण १८७९ सालचे आहे. त्या वर्षी जेम्स मरे यांच्याकडे एका नव्या इंग्रजी शब्दकोशाचे संपादन आले. पुढे तोच कोश ऑक्सफर्डचा कोश म्हणून ओळखला गेला. प्रत्येक शब्द कधी, कुठे आणि कोणत्या अर्थाने वापरला गेला, हे पुराव्यासह दाखवायचे होते. हे काम मूठभर माणसांच्या आवाक्यातले नव्हते. म्हणून मरे यांनी वाचकांसाठी एक आवाहनपत्र छापून वाटले.

६/
त्या पत्रात ‘आपले मत कळवा’ असे मोघम काही नव्हते. किती वाचक हवेत आणि किती काळासाठी, हे सांगितले होते : एक हजार वाचक, तीन वर्षे. कोणते ग्रंथ वाचायचे उरले आहेत, याची शतकवार यादी होती. अठराव्या शतकातील बहुतेक वाङ्मय अजून वाचून व्हायचे आहे, हे उघडपणे मान्य केले होते. चिठ्ठीवर शब्द, वर्ष, लेखक, ग्रंथ, पृष्ठ आणि मूळ वाक्य कसे लिहायचे, तेही सांगितले होते. त्यामुळे हाती एकच जुने पुस्तक असलेल्या सामान्य वाचकालाही आपण नेमके काय करू शकतो हे कळत होते.

७/
मरे यांना आधीच्या संपादकांकडून चिठ्ठ्यांचा प्रचंड साठा मिळाला होता आणि त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. ‘अब्यूजन’ या आज विस्मृतीत गेलेल्या शब्दाची सुमारे ५० उदाहरणे वाचकांनी पाठवली होती. ‘अब्यूज’ या नेहमीच्या शब्दाची मात्र पाचही नव्हती. वाचक आळशी होते असे नाही. आधीच्या सूचनांनी त्यांचे लक्ष दुर्मिळ आणि विचित्र शब्दांकडे वेधले होते, आणि त्यांनी तेच पाठवले. जसा प्रश्न, तसे उत्तर.

८/
मरे यांनी वाचकांना दोष न देता प्रश्न सुधारला. दुर्मिळ शब्द टिपाच. पण नेहमीचा शब्द जिथे वाक्यातूनच आपला अर्थ उलगडून दाखवतो तिथे त्याचीही जितकी जमतील तितकी उदाहरणे घ्या, अशी स्पष्ट सूचना नव्या आवाहनात आली. पुढे ज्या शब्दांचे पुरावे अपुरे होते त्यांच्या याद्याही प्रसिद्ध होऊ लागल्या. विल्यम मायनर हा वाचक तर आपल्या पुस्तकांतील शब्दांची सूची करून ठेवी आणि संपादक त्या वेळी ज्या शब्दावर काम करीत असत नेमक्या त्याच शब्दाची उदाहरणे पाठवी. विचारणाऱ्याची गरज उघड असली की उत्तर देणाराही नेमका होतो.

९/
आता हेच आपल्याकडच्या एका विषयाला लावून पाहू. समजा, थ्रेड वीरगळांवर आहे. लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेला हा दगड महाराष्ट्रात गावोगाव दिसतो : मारुतीच्या देवळापाशी, वेशीजवळ, कधी शेताच्या बांधावर. त्यावर सहसा खालून वर वाचायचे चौकोन असतात. खाली लढाई, त्याच्या वर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर चक्क नौकायुद्ध कोरलेले आहे. मात्र पुष्कळ वीरगळांवर एक अक्षरही कोरलेले नसते.

१०/
अशा थ्रेडच्या शेवटी पहिला मसुदा असा असू शकतो : ‘या वीरांना मुजरा करणाऱ्या तीन मित्रांना टॅग करा.’ उत्तरांत नावे येतील आणि मुजऱ्याची चित्रे येतील. लेखकाला वीरगळांविषयी आधी जेवढे ठाऊक होते तेवढेच नंतरही ठाऊक असेल. शिवाय ही ओळ थ्रेड न वाचताही पाळता येते. ओळ पारखण्याची पहिली कसोटी हीच : वरचा मजकूर न वाचता उत्तर देता येत असेल, तर तो प्रश्न त्या मजकुराचा नाही.

११/
दुसरा मसुदा सभ्य असतो : ‘आपल्याकडे काही माहिती असल्यास जरूर कळवा.’ यात लबाडी नाही, पण हातभर कामही वाचकावरच टाकलेले आहे. कोणती माहिती, कितपत, कशासाठी, हे त्यानेच ठरवायचे. ज्याला बरेच ठाऊक असते तो ‘माझी माहिती काय कामाची’ म्हणून गप्प बसतो. ज्याला सगळेच ठाऊक असल्याची खात्री असते तो लिहितो.

१२/
तिसरा मसुदा वरवर पाहता फार अभ्यासू वाटतो : ‘तुमच्या गावचा वीरगळ कोणत्या लढाईचा आहे?’ घोटाळा इथेच होतो. दगडावर लेख नसेल तर बहुतेक वेळा हे कुणालाच सांगता येत नाही. पण प्रश्नाने उत्तर अस्तित्वात असल्याचे गृहीत धरल्यामुळे वाचक ते शोधून काढतो. शिवकाळाच्या कितीतरी आधी उभारलेला दगड एखाद्या प्रसिद्ध मोहिमेला जोडला जातो, आणि चार जणांनी तसे लिहिले की तो पुरावा वाटू लागतो. ‘अब्यूजन’च्या ५० चिठ्ठ्या निदान खऱ्या तरी होत्या, इथे प्रश्नातूनच दंतकथा जन्माला येते.

१३/
म्हणून वाचकाने डोळ्यांनी पाहिलेले विचारावे, त्याचा निष्कर्ष विचारू नये. चौथा मसुदा असा होतो : ‘तुमच्या गावात असा दगड असेल तर तीन गोष्टी कळवा. त्यावर किती चौकोन आहेत? कुठे अक्षरे दिसतात का? गावात त्याला काय म्हणतात आणि त्याची पूजा होते का? दगडावर बांगड्या घातलेला उभा हात असेल तर तो बहुधा सतीशिळा आहे. तेही अवश्य सांगा. दगड नसेल किंवा ठाऊक नसेल तर काहीच लिहायची गरज नाही. आलेली उत्तरे तालुक्यानुसार लावून पुढच्या भागात दिली जातील आणि ती कुणी दिली हेही सांगितले जाईल.’

१४/
या मसुद्यात वाचकाला तीन गोष्टी मिळतात. उत्तर द्यायला विद्वान असावे लागत नाही. शेंदराच्या थराखालचा दगड रोज पाहणारी आजीही ते देऊ शकते. उत्तर न देण्याची मोकळीक आहे, आणि त्यात कमीपणा नाही. शिवाय उत्तराचे पुढे काय होणार, हे आधीच सांगितलेले आहे. तिसरी गोष्ट पाळणे सर्वांत अवघड. पुढचा भाग आलाच नाही, किंवा त्यात वाचकांच्या उत्तरांचा मागमूस नसला, तर तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारताना आमिष ठरतो. शब्द तेच असले तरी.

१५/
या पद्धतीची किंमतही मोजावी लागते. टॅगला एक क्षण पुरतो. चौकोन मोजायला उठून वेशीपर्यंत जावे लागते. त्यामुळे उत्तरे थोडी येतात, उशिरा येतात आणि त्यांतली काही चुकीची असतात. छायाचित्राशिवाय आलेली नोंद ‘ऐकीव’ म्हणून वेगळी ठेवावी लागते. उघड्यावरचे कोरीव दगड चोरीला जाण्याचा धोका असतो, म्हणून नेमकी जागा जाहीरपणे मागू नये. गाव आणि तालुका पुरे. आकड्यांवर जगणाऱ्या पानाला हा सगळा तोट्याचा व्यवहार वाटेल. ज्याला पुढचा भाग लिहायचा आहे त्याच्या हाती मात्र आधी नसलेले काहीतरी येते.

१६/
शेवटची ओळ लिहिण्यापूर्वी एवढे ताडून पाहावे : एका अनोळखी वाचकाने आज रात्री मनापासून उत्तर दिले, तर उद्या मजकुरातले एखादे वाक्य बदलेल का? बदलणार असेल तर तो प्रश्न जरूर विचारावा. बदलणार नसेल तर थ्रेड पूर्णविरामावर संपवावा. वाचकाकडे मागण्यासारखे काही नसताना काही न मागणे हाही त्याचा आदरच आहे.