आधी जुना रंग काढा

इमारत रंगवायला काढली की हल्ली शेड कार्डाबरोबर एक फोटोही फिरतो. इमारत तीच, पण संगणकावर नव्या रंगात रंगवलेली. सोसायटीच्या सभेत चार-पाच फोटो शेजारी शेजारी ठेवून हात वर होतात आणि लाखोंचा खर्च ठरतो. असे फोटो तयार करण्याच्या कामातला माणूस म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की यातले बरेच फोटो पक्षपाती असतात, आणि हा पक्षपात भिंतीवरच्या जुन्या रंगाकडून येतो.

फोटोत भिंतीचा जो रंग दिसतो, तो दोन गोष्टींचा गुणाकार असतो. भिंतीवर पडलेला प्रकाश ही एक, आणि त्यातला किती भाग रंग परत पाठवतो ही दुसरी. ऊन, छज्ज्याची सावली, गिलाव्याचा खडबडीतपणा हे सगळे प्रकाशाच्या बाजूला मोडते. नवा रंग दाखवताना ते जसेच्या तसे राहायला हवे आणि फक्त दुसरा भाग बदलायला हवा. फोटोशॉपमध्ये सर्रास वापरली जाणारी पद्धत म्हणजे भिंतीवर नव्या रंगाचा थर टाकून त्याचा मोड Multiply करणे. सावल्या टिकतात, म्हणून चित्र खरे वाटते. पण या पद्धतीत नवा रंग जुन्या रंगाच्या जागी बसत नाही, त्याच्याशी गुणला जातो.

एक उदाहरण घेऊ. समजा, भिंत पिवळी आहे आणि ती लाल प्रकाशाचा 70 टक्के, हिरव्याचा 60 टक्के आणि निळ्याचा 30 टक्के भाग परत पाठवते. सभासदांना फिका आकाशी हवा आहे. त्याचे आकडे याच क्रमाने 45, 60 आणि 70 धरू. दोन्ही गुणले की उरतात साधारण 32, 36 आणि 21. आकाशी रंगात जो निळा सर्वांत जास्त असायला हवा, तोच सर्वांत कमी झाला. पडद्यावर दिसतो तो मळकट शेवाळी रंग, आणि सभा आकाशी नाकारते. उलट क्रीम किंवा बदामी रंग याच फोटोत थोडे गडद होतात, पण ओळखू येतात. म्हणजे जुन्या रंगाच्या नात्यातले रंग जिंकतात आणि दूरचे हरतात.

उपाय अवघड नाही. फोटो काढतानाच भिंतीला टेकवून एक पांढरा कागद धरावा. कागदावर आणि शेजारच्या भिंतीवर प्रकाश सारखाच पडतो, त्यामुळे भिंतीच्या आकड्यांना कागदाच्या आकड्यांनी भागले की उरतो तो जुना रंग. त्या रंगाचा थर भिंतीवर टाकून त्याचा मोड Divide केला की पिवळेपणा निघून जातो आणि त्याच उन्हातली, त्याच सावल्यांची पांढरी भिंत उरते. नवा रंग Multiply करायचा तो हिच्यावर. मात्र फोटोत ऊन इतके लख्ख नको की भिंतीचा पोत पांढऱ्या डागात बुडून जाईल. तिथली प्रकाशाची माहिती गेलेली असते आणि त्या जागी नवा रंग कागद चिकटवल्यासारखा सपाट दिसतो. पावसाचे ओघळ आणि शेवाळ या रीतीने सावलीसारखेच टिकून राहतात, ते हाताने पुसावे लागतात.

काही जण म्हणतील, नुसता अंदाज घ्यायचा आहे, एवढा काटेकोरपणा कशाला? चूक सगळ्या रंगांना सारखी लागली असती, तर हा आक्षेप मान्य करता आला असता. पण इथे निवड तुलनेवर होते आणि तुलनेचा काटाच एका बाजूला झुकलेला असतो. दुसरा आक्षेप असा, की मोबाइलवरची ॲप हे काम आपोआप करतात. काही नीट करतही असतील, पण त्याची परीक्षा सोपी आहे. भिंतीवर आज जो रंग आहे, तोच पुन्हा लावून पाहा. फोटो होता तसाच राहिला तर पद्धत बरोबर. भिंत गडद किंवा फिकी झाली तर त्या चित्रावर मत देऊ नका.

पडदा म्हणजे भिंत नव्हे, हा तिसरा आक्षेप मात्र खरा आहे. प्रत्येक मोबाइल रंग थोडा वेगळा दाखवतो, आणि हातातल्या तुकड्यावर सौम्य वाटणारी छटा मोठ्या भिंतीवर अनेकदा भडक वाटते. म्हणून नीट केलेल्या फोटोवरूनही फक्त दहातले दोन रंग निवडावेत, कोणती पट्टी गडद आणि कोणती फिकी ते ठरवावे. शेवटची छटा ठरवायला रंगाऱ्याकडून प्रायमरवर दोन हात देऊन एक नमुना उन्हाच्या बाजूला आणि एक सावलीच्या बाजूला लावून घ्यावा, तो वाळू द्यावा आणि सकाळ-संध्याकाळ पाहावा. करारात शेड कार्डावरचा क्रमांक लिहायचा तो त्यानंतरच; फोटो पाहून लिहू नये.