पडली कुठे ते मोजा!

भिंतीवर चढायचं, पडायचं, आणि जिथून पडलो तिथवरचे गुण खिशात घालायचे! असा खेळ जगात आहे, तो ऑलिंपिकमध्येही आहे, आणि चंद्रपुरात बसून मला तो आत्ता कुठे सापडला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. जेवताना ताटातली भाकरी थंड होते आणि मी पुतण्याला विचारत असतो, ‘अरे, पण हात लागला होता ना तिचा?’

आमच्या जिल्ह्याला चढाई नवी नाही. मे २०१८ मध्ये ‘मिशन शौर्य’मधून इथल्या आदिवासी आश्रमशाळांतले पाच विद्यार्थी थेट एव्हरेस्टवर जाऊन आले. त्यामुळे चढाई म्हटलं की आमच्या डोक्यात एकच हिशेब: माथा गाठला की नाही गाठला. आठ हजार मीटरवरून परत फिरलेल्याला कोणी ऐंशी गुण देत नाही. स्पोर्ट क्लाइंबिंगमध्ये मात्र तसे गुण खरोखर देतात! मी हरखलो तो इथेच.

पुतण्याने मला १० ऑगस्ट २०२४ चा पॅरिस ऑलिंपिकचा महिलांचा अंतिम सामना लावून दिला. बोल्डरिंग आणि लीड या दोन प्रकारांचे प्रत्येकी १०० गुण, दोन्हींची बेरीज, आणि पदक एकच. सकाळी बोल्डर, मग लीड. मी आधी लीडच पाहिलं, कारण दोर बांधलेला पाहून जरा ओळखीचं वाटलं.

लीडची भिंत उंच आणि अंगावर झुकलेली. खेळाडूच्या कमरेला दोर. चढता चढता तो वाटेतल्या कड्यांमध्ये क्रमाने अडकवत जायचा. वेळ सहा मिनिटं आणि संधी एकच. पडलात की खेळ संपला. बाकीचे स्पर्धक आत बंद, म्हणजे आधीची किती वर गेली हे पुढचीने पाहिलेलंच नसतं. पहिली मुलगी पडली तेव्हा मी ‘अरेरे’ म्हणालो. पुतण्या म्हणाला, ‘पडतेतच सगळे, काकाजी. कुठवर गेली थे पाहा.’

तर ते कसं पाहायचं? भिंतीवरची प्रत्येक पकड, म्हणजे होल्ड, मोजलेली असते. पॅरिसमध्ये माथ्याकडून मोजलेल्या शेवटच्या दहा पकडींना प्रत्येकी ४ गुण, त्याखालच्या दहांना ३, मग २, मग १. चाळीस पकडींचे बरोबर शंभर. त्याहून खालच्या पकडींना काहीच नाही. नुसता हात लागून भागत नाही, पकड ताब्यात आली पाहिजे. अंग क्षणभर तरी तिच्यावर स्थिरावलं पाहिजे. आणि ती ताब्यात घेऊन पुढच्या पकडीकडे खरोखर झेपावताना पडलात, तर वर ०.१. त्या झेपेचाही मान!

हे कळल्यावर पडद्यावरचे आकडे बोलायला लागतात. जपानच्या आय मोरीला लीडमध्ये ९६.१ मिळाले. शंभरातून माथ्याची एकच पकड गेली, म्हणून ९६. उरलेला ०.१ सांगतो की ती त्या शेवटच्या पकडीकडे निघालेली होती. त्या दिवशी लीडमध्ये एवढे गुण दुसऱ्या कोणालाच नव्हते. मी टाळ्या पिटल्या, सुवर्ण नक्की म्हणालो. आणि यादी आली तर आय मोरी चौथी!

मग सकाळचं बोल्डरिंग लावलं. इथे दोर नाही, खाली जाड गाद्या. भिंत ठेंगणी पण कोडी अवघड, अंतिम फेरीत चार, प्रत्येकाला चार मिनिटं. पडलात तर उठा आणि पुन्हा लागा. शेवटची पकड दोन्ही हातांनी धरून स्थिर झालात की ते टॉप, त्याचे २५. तिथवर नाही पोचलात तरी पॅरिसमध्ये वाटेत ठरवलेल्या दोन पकडी होत्या, त्यांना झोन म्हणतात. खालच्या झोनचे ५, वरच्याचे १०. कबड्डीत गडी न मारताही बोनस रेषेचा गुण मिळतो ना, तसंच. मात्र हे गुण एकात एक मिळवायचे नाहीत, सर्वात वरचा तेवढा धरायचा. आणि त्याआधी फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाचा ०.१ वजा. तिसऱ्या प्रयत्नात टॉप केलं तर २४.८.

आय मोरीची उंची १५४ सेंटिमीटर. पहिल्याच कोड्याची सुरुवातीची पकड उंचावर होती. ती उडी मारते, बोटं पुरत नाहीत. परत मारते, परत नाही. चार मिनिटं संपली आणि पाटीवर शून्य. सुरुवातच झाली नाही, तर झोनचे पाच तरी कुठून येणार? चारही कोडी मिळून तिचे ३९ झाले. अशी सुरुवात ठेवावी का यावर नंतर बरीच चर्चा झाली. मला विचाराल तर कस लागावा तो चढण्याचा, उंची मोजायची असेल तर पट्टी पुरे.

मी रात्री कागद घेऊन बसलो. तिची बेरीज १३५.१. कांस्य जेसिका पिल्झला १४७.४ वर, रौप्य ब्रुक राबाटूला १५६ वर, सुवर्ण यान्या गार्नब्रेटला १६८.५ वर. त्या पहिल्या कोड्यात आयला वरचा झोन मिळून १० आले असते, तरी ती १४५ च्या आसपास, म्हणजे चौथीच. पण टॉप केलं असतं तर पंचवीस मिळून १६० च्या घरात, थेट रौप्य! लीडच्या त्या अप्रतिम चढाईआधीच तिचं पदक एका उडीत अडकलं होतं.

तिसरा प्रकार स्पीड, आणि त्याला गुणच नाहीत. पंधरा मीटरची, पाच अंशांनी पुढे झुकलेली भिंत, जगभर पकडींची मांडणी तीच. दोघे शेजारी शेजारी धावत सुटतात. हो, धावतच! वरची पट्टी आधी मारेल तो पुढच्या फेरीत. इशाऱ्यानंतर ०.१ सेकंदाच्या आत हललात तर तो फाऊल. पॅरिसमध्ये पुरुषांचं सुवर्ण इंडोनेशियाच्या वेद्रिक लिओनार्दोने ४.७५ सेकंदांत घेतलं, चीनच्या वू पेंगचे झाले ४.७७. पण त्याच दिवशी अमेरिकेच्या सॅम वॉटसनने ४.७४ चा तेव्हाचा विश्वविक्रम केला, आणि त्याला मिळालं कांस्य. तो उपांत्य फेरीत वू पेंगकडून हरला होता आणि विक्रम झाला तो तिसऱ्या जागेच्या शर्यतीत. घड्याळ कितीही सुंदर असो, जिंकायचं ते शेजारच्या माणसाशी.

टोकियो ऑलिंपिकमध्ये तर तिन्ही प्रकारांतल्या क्रमांकांचा गुणाकार करत! ज्याचा सर्वात लहान तो विजेता. स्पेनचा अल्बेर्तो गिनेस लोपेस १ × ७ × ४ म्हणजे २८ वर जिंकला. चेक प्रजासत्ताकाच्या अॅडम ओंड्राचे होते ४ × ६ × २, म्हणजे ४८, आणि जागा सहावी. लीडमध्ये ऑस्ट्रियाच्या याकोब शुबर्टने त्याला मागे टाकलं नसतं तर त्या दोनाच्या जागी एक आला असता, गुणाकार २४, आणि सुवर्ण ओंड्राचं. दुसऱ्या माणसाच्या चढाईने पहिल्यावरून सहाव्यावर! ही पद्धत पुढे सोडून दिली ते बरंच झालं.

एक गोष्ट मात्र जिवाला लागली. बोल्डरिंगचा विश्वचषक २०१६ आणि २०१७ मध्ये नवी मुंबईत होऊन गेला, आपल्याच राज्यात! बल्लारशाहहून गाडीत बसलो असतो तर हे सगळं डोळ्यांदेखत दिसलं असतं. आम्हाला पत्ताच नाही.

आता २०२८ च्या लॉस एंजेलिसला तिन्ही प्रकारांची पदकं वेगवेगळी आहेत. बोल्डरचा हिशेबही आता सोपा केलाय, दोनऐवजी एकच झोन, त्याचे दहा. पॅरिसमध्ये लीडचं पदक वेगळं असतं तर ते ९६.१ वाल्या आय मोरीच्या गळ्यात पडलं असतं. पुतण्या म्हणतो, ‘काकाजी, तोवर कोण कुठे असन, काय सांगावं?’ सांगू नको बाबा. पण लीडच्या अंतिम फेरीला टीव्हीचा रिमोट माझ्याकडे राहील, आणि शेवटच्या दहा पकडींना कोणी मधे बोलायचं नाही.