उशीचा अभ्रा धुतला, पण उशीचं काय?

रोज सकाळी उठल्या उठल्या मला दहा-बारा शिंका यायच्या. नाक वाहायचं, डोळे खाजायचे आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं थांबायचं. पेशंटला हा त्रास असता तर मी लगेच अंथरुणाची चौकशी केली असती. स्वतःच्या बाबतीत मात्र मी दोन वर्षं "ठाण्याचं प्रदूषण" म्हणत राहिले. मे महिन्यात बहिणीकडे सोलापूरला आठवडाभर राहिले, तर तिथे एकही शिंक नाही. परत येऊन त्वचेची अ‍ॅलर्जी टेस्ट केली. डस्ट माइट पॉझिटिव्ह.

डस्ट माइट म्हणजे ढेकूण नव्हे. तो चावत नाही, रक्त पीत नाही आणि डोळ्यांना दिसतही नाही. आपल्या अंगावरून झडणाऱ्या त्वचेच्या कोंड्यावर तो जगतो. पाणी पीत नाही, हवेतली आर्द्रता शोषून घेतो. म्हणून मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा इथे त्याची चंगळ, तर सोलापूरच्या उन्हाळ्यात त्याचे हाल. अ‍ॅलर्जी होते ती मुख्यतः त्याच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. आपण कूस बदलली की ती बारीक धूळ थेट नाकाशी उडते.

आता माझं अंथरूण ऐका. चादर आणि अभ्रे दर रविवारी मशीनमध्ये, गार पाण्यात. उशी आठ वर्षांची, एकदाही न धुतलेली. गादी कापसाची, लग्नातली. म्हणजे रोज आठ तास जिच्यावर तोंड ठेवत होते, तिचा नुसता कपडा मी धूत होते!

गार पाण्यात धुतल्याने चादरीवरची बरीचशी विष्ठा निघून जाते, पण माइट मरत नाहीत. त्यासाठी साधारण 60 अंश सेल्सिअसचं पाणी लागतं. मशीनमध्ये ती सोय असेल तर चादर, अभ्रे आणि पांघरूण आठवड्यातून एकदा त्यावर लावा. नसेल तर सोपा हिशोब आहे. नळाचं पाणी 25 अंशांच्या आसपास असतं. त्यात तेवढंच उकळतं पाणी मिसळलं की 60च्या थोडं वर जातं. स्टीलच्या पातेल्यात अर्धा तास कपडे बुडवून, झाकण ठेवून मग धुवा. (लहान मुलं आसपास नसताना. आणि रंग जाणाऱ्या चादरी यातून वगळा, मी एक सुंदर सोलापुरी चादर अशीच घालवली आहे.)

फायबरची उशी धुता येते, आतल्या लेबलवर पाहा. मी दर तीन महिन्यांनी धुते, पण पावसाळ्यात नाही. बाहेरून कोरडी वाटली तरी मध्ये ओल राहते आणि मग बुरशीची अ‍ॅलर्जी वेगळीच. दोन दिवस कडक ऊन हवं. मधोमध दाबून गार लागलं तर अजून वाळलेली नाही. कापसाची उशी आणि गादी मात्र धुऊच नयेत. आठ वर्षांची उशी मी सरळ टाकून दिली. गादीला ऊन दाखवत राहते. ती झटकायची तर ज्याला त्रास आहे त्याने झटकू नये.

गादीसाठी उपयोगी वस्तू एकच: घट्ट विणीचं, चारही बाजूंनी झाकणारं, चेनचं अ‍ॅलर्जी कव्हर. उशीलाही तसंच. नुसतं वॉटरप्रूफ, इलॅस्टिक लावून वरून घालायचं कव्हर चालत नाही, कारण खालची बाजू उघडीच राहते. तरी जादूची अपेक्षा नको. 2003 मध्ये ब्रिटनमध्ये दम्याच्या हजारांहून अधिक प्रौढ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात नुसत्या कव्हरने फरक पडला नव्हता. उलट 2017च्या तिथल्याच अभ्यासात, माइटची अ‍ॅलर्जी असलेल्या दम्याच्या मुलांची तातडीने हॉस्पिटल गाठायची वेळ कव्हरमुळे कमी आली. म्हणून लहान मुलाला दमा असेल तर मी कव्हर आवर्जून सुचवते. इनहेलर मात्र बंद करायचा नाही.

आणि न लागणाऱ्या वस्तू? निळा प्रकाश टाकत गादीवर फिरवायचं यंत्र मी स्वतः घेतलं होतं. प्रकाश वरच्या कापडापुरता, माइट आत खोलवर. एअर प्युरिफायरचंही तेच: ही धूळ जड असते, काही मिनिटांत खाली बसते, यंत्रापर्यंत पोहोचतच नाही.

नवी उशी, चेनची कव्हरं आणि गरम पाणी सुरू केल्यावर माझ्या शिंका लगेच गेल्या नाहीत. पहिले पंधरा दिवस तर काहीच फरक नव्हता, नाकाचा स्प्रे चालूच होता. दोन महिन्यांनी दहाच्या दोन-तीन झाल्या. जुलैमध्ये पुन्हा वाढल्या, तेव्हा शोधलं तर पायाशी घडी करून ठेवलेली आईची गोधडी निघाली. ती या यादीत धरलीच नव्हती.