पैठणी कोणाला? सोडतीचे नियम लिहिताना

मी वकील आहे. दिवाळीच्या महिनाभर आधी माझ्याकडे येणाऱ्या छोट्या व्यावसायिकांचं एक ठरलेलं काम असतं. त्यांना इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवर बक्षिसाची योजना जाहीर करायची असते आणि 'खाली दोन ओळी नियम व अटी' हव्या असतात. बहुतेकांनी पोस्टचा मजकूर आधीच लिहून आणलेला असतो. २०२५ च्या दिवाळीआधी फराळाचा व्यवसाय करणाऱ्या एक ताई असाच मजकूर घेऊन आल्या. तो इथे देते, कारण अशा बहुतेक पोस्टी जवळपास याच शब्दांत असतात:

'आमचं पेज फॉलो करा, पोस्ट लाइक करा, तीन मैत्रिणींना टॅग करा, स्टोरीला ठेवा. ५०० रुपयांच्या खरेदीवर एका भाग्यवान विजेतीला पैठणी! मुदत दिवाळीपर्यंत. नियम व अटी लागू.'

मी त्यांना एकच प्रश्न विचारला. सोडतीच्या दिवशी तुमच्यासमोर पाचशे नावं आहेत. यातली कोणती चिठ्ठीत जाणार आणि कोणती नाही, हे तुम्ही कशावरून ठरवणार? नियम लिहिण्याची माझी पद्धत या प्रश्नातूनच निघते. जी अट त्या दिवशी हातातल्या पुराव्यावर तपासता येत नाही, ती मी लिहीत नाही. न तपासता येणारी अट असली की ज्याला बक्षीस मिळालं नाही तो विचारतो, 'तिने तरी स्टोरी ठेवली होती का?' आणि आयोजकाकडे उत्तर नसतं.

स्टोरीची अट पहिली गेली ती याच कारणाने. स्टोरी चोवीस तासांत नाहीशी होते, आणि ज्यांचं खातं खासगी आहे त्यांची स्टोरी त्यांना फॉलो न करणाऱ्याला दिसतच नाही. मैत्रिणींना टॅग करण्याची अट दुसऱ्या कारणाने गेली. फेसबुकच्या स्वतःच्या नियमांत 'सहभागासाठी मित्रांना टॅग करा' किंवा 'आपल्या टाइमलाइनवर शेअर करा' अशा अटींना मनाई आहे. इन्स्टाग्रामही सांगतं की फोटोत नसलेल्या माणसाला फोटोत टॅग करायला लावू नका. शिवाय ही योजना इन्स्टाग्रामने प्रायोजित केलेली नाही आणि तिची कसलीही जबाबदारी इन्स्टाग्रामवर नाही, हे नियमांत लिहावं लागतं. ताईंची पोस्ट दोन्हीकडे जाणार होती, म्हणून टॅगिंग पूर्ण काढलं. फॉलो आणि लाइकच्या अटीही सोडल्या आणि ठेवली फक्त कमेंट: 'तुमच्या घरच्या फराळातला आवडता पदार्थ लिहा.' कमेंट दिसते, मोजता येते, जपून ठेवता येते.

खरेदीच्या अटीवर मात्र आम्ही बराच वेळ बोललो, कारण ताईंचा सगळा हेतू तिथेच होता. बक्षीस, नशीब आणि त्यासाठी मोजलेले पैसे या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की ती लॉटरी होते. लॉटरी राज्य सरकारची नसेल तर ती चालवणं किंवा तिची जाहिरात करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९७ खाली गुन्हा आहे. 'पैसे फराळाचे घेतले, सोडतीचे नाहीत' हा युक्तिवाद मांडता येतो, पण एका पैठणीसाठी तो मांडायची वेळ का आणावी? त्याशिवाय ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. विक्री वाढवण्यासाठी घेतलेली स्पर्धा, लॉटरी, नशिबाचा किंवा कौशल्याचा खेळ हे सगळं त्यातल्या अनुचित व्यापारी प्रथेच्या व्याख्येत येतं. शब्द फार व्यापक आहेत. म्हणून माझा सल्ला ठाम असतो: खरेदीशी असलेला धागा तोडा, बक्षीस माफक ठेवा, आणि बक्षीस लाखांत जाणार असेल तर पोस्ट टाकण्याआधी वकिलाकडे जा. ताईंच्या नियमांत आम्ही सरळ लिहिलं, 'काहीही विकत घेण्याची गरज नाही.'

पात्रतेबाबत एक गैरसमज फार दिसतो. आयोजकांना वाटतं की प्रत्येक सहभागी तपासायला हवा. ते शक्य नसतं आणि गरजेचंही नसतं. तपासायचा असतो तो फक्त ज्याचं नाव निघालं आहे तो, आणि तेही त्याच्याकडून पत्ता घेताना. म्हणून पात्रता अशा शब्दांत लिहावी की एका विजेत्याकडे ती पाच मिनिटांत तपासता येईल. 'महाराष्ट्रातील रहिवासी' म्हटलं की शिकायला पुण्यात आलेली मुलगी रहिवासी आहे का, हा वाद सुरू होतो. 'बक्षीस महाराष्ट्र किंवा गोव्यातल्या पत्त्यावरच पाठवलं जाईल' म्हटलं की वाद उरत नाही. वयाचंही तसंच: 'प्रौढ व्यक्ती' न लिहिता '१० ऑक्टोबर २०२५ रोजी वय १८ पूर्ण' लिहायचं. 'एका व्यक्तीची एकच प्रवेशिका' हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण दोन खाती एकाच बाईची आहेत हे कळणार कसं? 'एका खात्यावरून एकच कमेंट धरली जाईल, पहिली' हे यादीवरूनच ठरतं. ताईंकडे कामाला असलेल्या आणि त्यांच्या घरातल्या माणसांना वगळलं. देशभराच्या जाहिरातींत 'तामिळनाडू वगळून' असं जे बारीक अक्षरांत दिसतं, त्याचं कारणही इथे सांगून ठेवते: तिथे बक्षीस योजनांवर बंदी घालणारा १९७९ चा राज्याचा कायदा आहे.

आता 'दिवाळीपर्यंत'. वसुबारसेपर्यंत की भाऊबीजेपर्यंत? तिथीवर मुदत ठेवणं धोक्याचं, कारण २०२४ आणि २०२५ या दोन्ही वर्षी लक्ष्मीपूजन नेमकं कोणत्या दिवशी यावरच देशात एकमत नव्हतं. २०२५ मध्ये आपल्या पंचांगांनी २१ ऑक्टोबर दिला, तर इतर अनेक ठिकाणी ते २० तारखेला झालं. 'रात्री १२ पर्यंत' हेही लिहू नये. दहा तारखेचे बारा म्हणजे नऊची रात्र की दहाची, हे दोघेजण दोन तऱ्हेने वाचतात. वार, तारीख, रात्री ११:५९ आणि 'भारतीय वेळ' हे चारही लिहावं.

तारीख ठरवताना आम्ही मागून मोजत आलो. पाडवा २२ ऑक्टोबरला, बुधवारी. पैठणी त्या दिवशी नेसता आली पाहिजे. दिवाळीच्या गर्दीत कुरियर गडचिरोलीकडच्या एखाद्या गावात पोचायला पाच-सहा दिवस धरले तर ती गुरुवारी, १६ तारखेला निघायला हवी. पहिल्या विजेतीने उत्तर दिलं नाही तर दुसरीला एक दिवस लागणार, म्हणजे बुधवार १५. पहिलीला दोन दिवस, म्हणजे मंगळवार १४. मग निकाल रविवारी १२ ला, सोडत शनिवारी ११ ला, आणि मुदत शुक्रवार १० ऑक्टोबरची. ताईंना हे फार लवकर वाटलं. पण भाऊबीजेला मुदत संपवली असती तर साडी तुळशीच्या लग्नालाच पोचली असती.

सोडतीच्या तयारीत सर्वात नाजूक वेळ मुदत संपतानाची. इन्स्टाग्रामवर कमेंटखाली 'इतक्या तासांपूर्वी', 'इतक्या आठवड्यांपूर्वी' असंच दिसतं. दोन दिवसांनी पाहिलं तर ११:५८ ची कमेंट कोणती आणि १२:०३ ची कोणती हे ओळखू येत नाही. कमेंट बंद कराव्यात तर आधीच्याही दिसेनाशा होतात. म्हणून बारा वाजताच संपूर्ण यादी खालपर्यंत सरकवत तिचं स्क्रीन रेकॉर्डिंग करायचं. त्या रेकॉर्डिंगमध्ये जे आहे ते मुदतीतलं, नाही ते नाही, आणि हेही नियमांत लिहून टाकायचं. ॲपने आपणहून लपवलेल्या कमेंटही उघडून पाहायच्या. एखादीचं साधं उत्तर जाहिरात समजून बाजूला टाकलेलं असू शकतं.

ताईंकडे ४८६ कमेंट आल्या. एकाच खात्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या कमेंट आणि 'मला पण', 'किंमत काय' अशा उत्तर नसलेल्या ओळी काढल्यावर ४१२ उरल्या. त्या शीटमध्ये एकाखाली एक घेतल्या, क्रमांक दिले आणि एका रिकाम्या चौकटीत हे लिहिलं:

```
=RANDBETWEEN(1,412)
```

या सूत्रात एक खोच आहे. शीटमध्ये कुठेही काही बदललं की आकडा नव्याने निघतो. म्हणजे मनासारखं नाव येईपर्यंत पुन्हा पुन्हा काढणं सहज शक्य असतं, आणि ज्याला हे माहीत आहे तो नेमकी तीच शंका घेईल. उपाय म्हणजे सूत्र लिहिण्याआधीच चित्रीकरण सुरू करायचं, यादी आणि शेवटचा क्रमांक दाखवायचा, पहिला आकडा विजेतीचा, दुसरा आणि तिसरा राखीव, आणि तिथेच थांबायचं. बाहेरची दोन माणसं साक्षीला बसवायची. राखीव नावं त्याच वेळी काढायची. नंतर काढली तर पहिलीला मुद्दाम डावललं असं कोणालाही वाटू शकतं.

बक्षिसाची किंमतही नियमांत लिहावी. ताईंच्या मनात १४,००० ची पैठणी होती. नशिबाने मिळालेलं बक्षीस १०,००० रुपयांच्या वर गेलं की ३० टक्के कर बक्षीस देणाऱ्याने आधीच कापायचा असतो, आणि वस्तू असेल तर ती देण्याआधी कर भरला गेला आहे याची खात्री देणाऱ्यानेच करायची असते. म्हणजे विजेतीला 'साडी तुमची, पण आधी ४,२०० भरा' म्हणायचं किंवा ते पैसे ताईंनी घालायचे. त्यांनी ९,००० ची पैठणी घेतली, आणि उरलेल्या पैशांत राखीव दोघींना फराळाचे डबे द्यायचं ठरवलं. मला हा निर्णय फार आवडला.

शेवटी पोस्टखाली गेलेले नियम असे होते:

'या पोस्टखाली तुमच्या घरच्या फराळातला आवडता पदार्थ लिहा. मुदत शुक्रवार, १० ऑक्टोबर २०२५, रात्री ११:५९ (भारतीय वेळ). काहीही विकत घेण्याची गरज नाही. त्या दिवशी वय १८ पूर्ण हवं आणि बक्षीस महाराष्ट्र किंवा गोव्यातल्या पत्त्यावरच पाठवलं जाईल. आमच्याकडे काम करणाऱ्यांना व त्यांच्या घरच्यांना भाग घेता येणार नाही. एका खात्याची पहिलीच कमेंट धरू. मुदत संपताच घेतलेल्या रेकॉर्डिंगमधल्या कमेंटमधून शनिवारी सोडत काढू. एक विजेती, दोन राखीव. निकाल रविवार, १२ ऑक्टोबर, सायंकाळी ६ वाजता याच खात्यावर. विजेतीने मंगळवारी सायंकाळी ६ पर्यंत उत्तर द्यावं, नाहीतर बक्षीस पहिल्या राखीव नावाला, तिला बुधवारी सायंकाळी ६ पर्यंत मुदत. बक्षीस: एक पैठणी, किंमत सुमारे ९,००० रुपये, बदल्यात रोख नाही. राखीव नावांना फराळाचा डबा. आम्ही कोणाकडूनही पैसे, ओटीपी किंवा बँकेची माहिती मागणार नाही. ही योजना इन्स्टाग्राम वा फेसबुकची नाही आणि तिची जबाबदारी त्यांच्यावर नाही.'

ओटीपीचं वाक्य मी प्रत्येक नियमावलीत घालते. निकालाच्या आसपास आयोजकाच्या नावासारखंच नाव आणि तेच चित्र लावून बनावट खाती उभी राहतात आणि कमेंट करणाऱ्यांना 'तुम्ही जिंकलात, पाठवणीचे ९९ रुपये भरा' असे निरोप जातात. पोस्टमध्ये हे वाक्य आधीपासून असेल तर निदान विचारायला येणाऱ्याला बोट दाखवायला जागा असते.

निकाल मात्र स्टोरीत देऊन चालत नाही. योजना संपल्यावर अंतिम निकाल सहभागींपासून दडवून ठेवणं हीदेखील ग्राहक कायद्यात अनुचित प्रथाच आहे. ज्या वृत्तपत्रात योजना जाहीर केली त्याच वृत्तपत्रात ठळकपणे आणि वाजवी वेळेत निकाल छापला तर तो कळवला असं कायदा मानतो. आपल्यासाठी त्याचा अर्थ मी असा घेते की ज्या खात्यावर पोस्ट टाकली तिथेच निकालाची कायमची पोस्ट, आणि मूळ पोस्टच्या मजकुरातही तिची नोंद. ताईंच्या पहिल्या विजेतीने उत्तर दिलं नाही. त्यांचा निरोप बहुधा अनोळखी खात्यांच्या विनंत्यांत पडून राहिला. पैठणी पहिल्या राखीव नावाला, वर्ध्याला गेली, आणि निकालाच्या पोस्टमध्ये बुधवारी सायंकाळीच तशी दुरुस्ती झाली. नंतर आठवड्याने पहिल्या बाईंचा फोन आला तेव्हा ताईंनी त्यांना मुदतीची ओळ आणि सोडतीचं चित्रीकरण पाठवलं. त्यांनी ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी दोन किलो चकलीची ऑर्डर दिली.