कोपराएवढी वायर

आमच्या घरी ‘मिक्सर’ म्हणजे चटणीचा. त्यामुळे आठवीत असताना “शाळेच्या मिक्सरवर माझी नेमणूक झाली” असे मी मोठ्या ऐटीत सांगितले, तेव्हा आई म्हणाली, “मग घरचा धुवायला काय होतंय?”

वडीगोद्रीच्या आमच्या शाळेत ध्वनिक्षेपणाचे मंडळ होते. मंडळ म्हणजे सात-आठ मुले, एक लोखंडी कपाट, बारा खटक्यांचा मिक्सर, दोन भोंगे आणि वायरींचा ढीग. कप्तान दहावीतली एक ताई. जुलैच्या पहिल्या शनिवारी तिने आम्हा नव्या पोरांना व्हरांड्यात बसवले आणि भाषण केले. भाषण कसले, हातात वायर घेऊन केलेली कानउघाडणीच ती!

“तुम्ही सगळे वायर कशी गुंडाळता, दाखवा बरं.”

मी पुढे झालो. विहिरीचा दोर गुंडाळावा तशी अंगठा आणि कोपर यांभोवती भराभर गुंडाळून दाखवली. ताई हसली नाही.

“या वायरीच्या पोटात केसांसारख्या बारीक तारा आहेत, आणि त्यांच्याभोवती तांब्याची जाळी. कोपराला प्रत्येक फेऱ्यात तिला पीळ बसतो आणि तो आतच राहतो. वरचं रबर धडधाकट दिसतं. आत मात्र तारा एकेक करून तुटतात. आता हे बघा.”

तिने टोक डाव्या हातात धरले. उजव्या हाताने हातभर वायर ओढून पहिले वेटोळे साधे घातले. दुसऱ्या वेळी उजवा हात पालथा करून वायर पकडली आणि हात वळवीत आणली, तशी पुढची वायर वेटोळ्याच्या आतल्या अंगाने आली. पुन्हा एक साधे, पुन्हा एक उलटे. “साध्यानं बसलेला पीळ उलट्यानं सुटतो,” ती म्हणाली, आणि एक टोक धरून तिने सगळे वेटोळे व्हरांड्यात फेकले. वायर सरळ रेषेत पसरली. “फक्त टोक वेटोळ्यांतून आरपार जाऊ देऊ नका, नाहीतर फेकताना गाठींची माळ होते. म्हणून चिंधीनं बांधायचं. आणि काढताना वायर ओढायची नाही. खटका दाबून डोकं धरून काढायचं.”

मग मिक्सरची पाळी. सुरू करताना मिक्सर आधी आणि अॅम्प्लिफायर शेवटी. बंद करताना अॅम्प्लिफायर आधी. उलटे केले तर भोंग्यात ‘धाप्’ असा धक्का बसतो आणि त्याचा पडदा फाटू शकतो. काम संपले की सगळे फेडर खाली, कोरड्या मऊ ब्रशाने धूळ, वर सुती कापड. ओला फडका नाही, तेल तर मुळीच नाही. तेलाला धूळ चिकटून फेडरच्या फटीत चिखल होतो. “आपल्याकडं उन्हाळ्यात वावरातली माती खिडकीतून येते. रोज प्रत्येक फेडर चार वेळा खालीवर करा, म्हणजे आतली पट्टी घासून साफ राहते. आणि चहाचा कप मिक्सरवर दिसला, तर तो कप आणि ठेवणारा दोन्ही बाहेर.”

मी अर्धे ऐकले. मैदानावर कबड्डी चालली होती.

२६ जानेवारीला माझ्या वर्गातली एक मुलगी कविता म्हणायला उभी राहिली. आठ दिवस ती घोकत होती. दुसऱ्याच ओळीला भोंगा खरखरला, आवाज गेला, आला, पुन्हा गेला. ती तशीच ओठ हलवीत राहिली आणि मग रडत खाली उतरली. सर माइक बदला म्हणत होते. ताईने माइक बदलला, खरखर तशीच. मग माइक आणि मिक्सरवरची जागा तीच ठेवून तिने फक्त वायर बदलली. आवाज स्वच्छ!

संध्याकाळी तिने ती वायर पुन्हा लावली, फेडर अगदी खाली ठेवला आणि मला म्हणाली, “वीत-वीत सरकत वाकवून बघ.” मिक्सरकडच्या टोकापासून सुमारे वीतभर अंतरावर वायर वाकताच भोंगा कडकडला. कोपराभोवती पहिला घट्ट फेरा मी नेहमी तिथूनच घालीत असे. रबरावर एक ओरखडाही नव्हता.

ताई रागावली नाही, हे जास्त लागले. तिने खराब तुकडा कापला आणि डाग मला द्यायला लावला : जाळी पहिल्या पिनेला, एक तार दुसऱ्या, एक तिसऱ्या. माझा पहिला डाग मातीच्या गोळीसारखा मळकट झाला. “हलला असशील. तार आधी तापव, मग कथिल लाव,” ती म्हणाली. तिसऱ्यांदा जमले.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी परिपाठात कविता म्हणायला मिळाली. मिक्सरवर मी होतो. तिने माझ्याकडे एकदाही पाहिले नाही.

वायर दहा मीटरची होती. आता थोडी आखूड आहे. ताईने तिला लाल दोरा बांधला, तो मी शाळा सोडली तेव्हाही होता.