आकडा पाठवा, पण वेळेसकट

‘सर, आज सकाळी १९६ आली. गोळी वाढवू का?’ असा मेसेज मला रोज कुणी ना कुणी पाठवतं. सोबत ग्लुकोमीटरचा फोटो असतो. या एकट्या आकड्यावर मी औषध बदलत नाही. उपाशीपोटीची साखर रात्रभरात जे घडलं त्याचा शेवट असते, आणि फोटोत रात्र दिसत नाही.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. निवृत्त मुख्याध्यापक, वय ६६. ३०/७० मिश्र इन्सुलिन सकाळी २२ युनिट आणि रात्रीच्या जेवणाआधी, आठ वाजता, १६. उपाशीपोटी साखर बहुतेक दिवस दोनशेच्या आसपास. गुरुजींचा आग्रह होता, रात्रीचा डोस वाढवा. मी सूनबाईंना फोनवर सांगितलं, ‘महिन्याभराचे फोटो नकोत. एकच आठवडा लिहा, पण रात्री झोपतानाची आणि सकाळची साखर एकाच ओळीत. रात्री मध्येच काही झालं तर शेजारी तेही.’

व्हिडिओ कॉलच्या आदल्या दिवशी वहीच्या एका पानाचा फोटो आला. झोपताना १३२, सकाळी १९६. १२६, २०४. मग १७१, पण सकाळी १४२. पुढे १२९ आणि १८८, ११८ आणि २१०, १८० आणि १३८, शेवटी १२४ आणि १९९. ज्या रात्री झोपताना साखर जास्त, दुसऱ्या दिवशी सकाळी ती कमी! उत्तर शेजारच्या रकान्यात होतं. २१० च्या ओळीसमोर सूनबाईंनी लिहिलं होतं, ‘रात्री २ ला घाम, हात थरथरले, साखर ५८. बाबांनी दोन लाडू खाल्ले.’ बाकीच्या रात्रींचं विचारल्यावर गुरुजी कॅमेऱ्यापुढे जरा ओशाळले. भूक लागून जाग यायची, डबा उघडला जायचा. वाढत्या वयाची भूक, असं त्यांना वाटे.

मिश्र इन्सुलिनच्या संथ भागाचा जोर साधारण चार ते दहा तासांनी असतो. आठला घेतलेलं इन्सुलिन रात्री दोनला भरात येतं. साखर उतरायची, लाडू ती दोनशेवर न्यायचे. डोस वाढवला असता तर एखाद्या रात्री जाग आलीच नसती. मी रात्रीचा डोस १६ चा १३ केला आणि उशाशी साखर ठेवायला सांगितली: ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. लाडवातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते, म्हणून अशा वेळी लाडू नको. दोन आठवड्यांत सकाळची साखर १४० च्या आत आली. (हा डोस गुरुजींचा, तुमचा नव्हे.)

म्हणून ते पान कसं असावं ते सांगतो. वर वय, वजन, शेवटचं क्रिएटिनिन, आणि औषधं: चिठ्ठीवरची नव्हे, प्रत्यक्ष घेतलेली, वेळेसह, चुकलेला डोसही. खाली सात दिवसांच्या सात ओळी. जेवणानंतरची साखर मोजायची तर पहिल्या घासापासून दोन तास धरा. सरासरी काढू नका. ५८ आणि २१० ची सरासरी १३४, दिसायला छान आणि पूर्ण निरुपयोगी. विचित्र आकडा खोडू नका, शेजारी कारण लिहा. आंबा चिरून हात न धुता बोट टोचलं की मीटर खोटीच जास्त साखर दाखवतो. सेल बदलल्यावर मीटरचं घड्याळ चुकतं, तेही बघून घ्या. लंडनच्या मुलीकडचा मीटर १०.२ दाखवत असेल तर घाबरू नका. तिथलं एकक वेगळं, १८ ने गुणा, १८४ येतील. पानाच्या तळाशी तुमचा एकच प्रश्न.

दंडावर सेन्सर असेल तर रोजचे स्क्रीनशॉट नकोत. ॲपमधून चौदा दिवसांचा एकपानी अहवाल काढून पाठवा. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलं की दाबामुळे पहाटे खोटी घसरण दिसते. तशी शंका आली तर बोट टोचून खात्री करा, आणि अहवालासोबत कोणत्या कुशीवर झोपता तेही कळवा. हा प्रश्न हसण्यावारी नेतात, पण त्यावर डोस ठरतो.

साखर तीनशेच्या वर आणि उलट्या, किंवा माणूस गुंगीत, अशा वेळी पान लिहीत बसू नका, मेसेजही करू नका, दवाखाना गाठा. रात्री पाठवलेला मेसेज डॉक्टर सकाळीच वाचणार असतो. बाकी वेळी कॉलच्या आदल्या दिवशी ते एक पान पाठवा, आणि डबा कोणी उघडला तेही त्यात लिहा.