डाव्या डोळ्याची शेड

मागच्या महिन्यात उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तेव्हा समोरची भिंत निळसर पांढरी दिसली. तो डोळा मिटून डाव्याने पाहिलं, तर तीच भिंत सायीच्या रंगाची.

दादरला तीस वर्षं कॉस्मेटिक्सचं दुकान चालवलं. आता ओळखीच्या मुली फोटो पाठवतात, "मावशी, ओरिजिनल की डुप्लिकेट?" आणि मी निकाल देते. बॅच नंबर पाहायला मला आवडतं. खोकं आधी छापून येतं, नंबर मात्र माल भरताना शेवटी मारतात. म्हणून इंकजेटचा नंबर ठिपक्याठिपक्यांचा, जरासा तिरका, कधी शेजारच्या मजकुरावर चढलेला असतो. नकली खोक्यावर तो पुष्कळदा बाकीच्या मजकुराबरोबरच छापलेला असतो. तीच शाई आणि ओळ रुळासारखी सरळ. फोटो मात्र डॉक्युमेंट म्हणून मागवावा, नाहीतर व्हॉट्सॲप ठिपके वितळवून टाकतं आणि खरा नंबरही छापील वाटतो. हल्लीची मुलं नंबर वेबसाइटवर टाकतात आणि तारीख निघाली की खूश होतात. अरे, एक खरा नंबर उचलून हजार खोक्यांवर मारायला किती वेळ लागतो? सीलबद्दल तर बोलूच नये. कित्येक अस्सल लिपस्टिकना प्लास्टिकचं वेष्टण नसतंच.

माझा अहंकार होता तो शेडचा. शेड पाहून मी क्षणात सांगत असे.

गेल्या वर्षी भाचीच्या मैत्रिणीने वाइन शेडच्या लिपस्टिकचा फोटो पाठवला होता. नंबर ठिपक्यांचा, खोक्यावरचा आणि लिपस्टिकच्या बुडाचा जुळणारा. पण वाइनमध्ये जांभळी झाक हवी, ही विटकरी दिसत होती. "डुप्लिकेट," मी म्हटलं. ती दुकानदाराशी भांडून पैसे घेऊन आली.

ऑपरेशननंतर तो फोटो पुन्हा उघडला. डाव्या डोळ्याला खोकं पांढरं, लिपस्टिक विटकरी. उजव्याला खोक्याचा पांढरा भागच लोण्यासारखा पिवळा. म्हणजे मुलीने पिवळ्या बल्बखाली फोटो काढला होता आणि मोबाइलने तो रंग सुधारला नव्हता. खोकं पांढरं नाही हे मला दिसलंच नाही, कारण माझ्या भिंगातूनही सगळं पिवळंच येत होतं. निळी झाक तिथेच गाळली जात होती. कंपनीच्या काउंटरवरून तीच शेड आणून आमच्या पिवळ्या बल्बखाली फोटो काढला. हुबेहूब विटकरी.

आता मी पोरींना सांगते, खिडकीशी जा, फिल्टर काढ, शेजारी कोरा कागद ठेव. आधी कागद बघते, मग लिपस्टिक. एवढं करूनही फोटोतल्या शेडवरून कोणाला "डुप्लिकेट" म्हणत नाही.

डाव्या डोळ्याची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तो दुकानदार आमच्याच गल्लीत बसतो. भाजीला जाताना मी पलीकडच्या फुटपाथने जाते.